पटकथेआधीचं पान

चित्रपटाची पटकथा साधारण शंभर ते सव्वाशे पानांची. निर्मात्यासमोर आधी जातं ते एक वाक्य, लॉगलाइन. ते आवडलं तर एक पान, सिनॉप्सिस. पटकथा उघडायची की नाही, हे बहुतेकदा इथेच ठरतं.

हे वाक्य पाहा. ‘सत्य आणि नातं यांच्या कात्रीत सापडलेल्या एका स्त्रीचा हृदयस्पर्शी प्रवास.’ यात सिनेमा दिसतच नाही. ही स्त्री कोण? तिच्यावर नेमकं काय ओढवलंय? हेच वाक्य दुसऱ्या कितीतरी पटकथांना चिकटवता येईल, आणि लॉगलाइन फसल्याची हीच खूण.

आता त्याच पटकथेची ही लॉगलाइन. ‘खुनाच्या एकमेव साक्षीदाराची भाषा जाणणारी न्यायालयीन दुभाषी साक्ष ऐकताना ओळखते की खुनी तिचाच भाऊ आहे, दुसरा दुभाषी यायला तीन दिवस आहेत, तेवढ्यात तिला ठरवायचंय, भाऊ वाचवायचा की निरपराध आरोपी.’

नायिकेचं नाव इथे नाही, पेशा आहे. अनोळखी नावातून काहीच कळत नाही; पेशातून मात्र पेच उभा राहतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पोहोचवणं हे जिचं काम, तिलाच ते बदलण्याचा मोह. वाचणारा अडकतो तो या विसंगतीत. तीन दिवसांची मुदत त्याला घाई लावते. शेवट मात्र सांगायचा नाही.

सिनॉप्सिसमध्ये तो सांगायचाच. ‘पुढे काय होतं ते पटकथेत वाचा’ असं अनेक जण लिहितात आणि तिथेच संधी घालवतात. लेखकाला गोष्ट शेवटाला नेता येते का, हेच तर निर्माता तपासत असतो.

पान वर्तमानकाळात लिहायचं, संवाद न घालता. मग दोन घटनांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ ठेवून पाहायचं. दुभाषी साक्षीतलं एक वाक्य बदलते, म्हणून आरोपीवरचा संशय बळावतो. पण साक्षीदाराचे हातवारे आणि भाषांतर यांचा मेळ बसत नाही, हे बचावाच्या वकिलाला जाणवतं, म्हणून तो दुसरा दुभाषी मागवतो. हे कळताच भाऊ साक्षीदाराला कायमचं गप्प करायला निघतो. म्हणून ती साक्षीदाराला वाचवते आणि भर न्यायालयात आपलं भाषांतर खोटं होतं असं सांगते. भावाला अटक होते, तिच्यावरही खटला उभा राहतो.

तिच्या मैत्रिणीच्या लग्नाचं उपकथानक पटकथेत कितीही गोड असलं, तरी इथे त्याच्याआधी फक्त ‘आणि मग’ बसतं. ते काढायचं.

शेवटी पानावर नजर टाकून जागा मोजायची. पहिल्या मसुद्यात बहुधा अर्धं पान दुभाषीची ओळख आणि तिचं घर यांतच गेलेलं असतं, आणि न्यायालयातली कबुली दोन ओळींत उरकलेली. ओळख तीन-चार ओळींत आटपून साक्षीचा प्रसंग पहिल्याच परिच्छेदात आणला, की कबुलीला तिचा स्वतंत्र परिच्छेद मिळतो.