लाल हेल्मेट काळं करताना चमक कुठं जाते

[दृश्य: कोल्हापुरात राजारामपुरीतली एक गल्ली, पहिल्या मजल्यावरची छोटी खोली. टेबलावर पांढरी ॲक्रिलिकची शीट, तिच्यावर चकचकीत लाल हेल्मेट, डाव्या बाजूला उभा लांब सॉफ्टबॉक्स.]

हे हेल्मेट बघा. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदार दादांचं आहे, त्यांना ते ऑनलाईन विकायचंय, लाल, निळं आणि काळं असं तीन रंगात. पण सॅम्पल आलंय एकच, लाल. बाकीच्या दोन रंगांच्या नुसत्या पेंट केलेल्या पट्ट्या आल्यात बोटभर लांबीच्या, आणि माल यायला अजून आठ दिवस. म्हणजे फोटो एकच काढायचा आणि रंग कॉम्प्युटरवर बदलायचा.

सोपं वाटतंय ना? मला पण वाटलं होतं सुरुवातीला. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडायचं, स्लायडर सरकवायचा, झालं. निळ्यापर्यंत ते बऱ्यापैकी खपून जातं. पण काळं करायला गेलो, सॅच्युरेशन खाली, लाईटनेस खाली, आणि हेल्मेट एकदम मेलं. डाव्या बाजूला सॉफ्टबॉक्सची जी लांब पांढरी पट्टी चमकत होती ती राखेसारखी करडी झाली, म्हणजे चकचकीत हेल्मेट रबरी वाटायला लागलं.

[दृश्य: दोन फोटो शेजारी शेजारी. मूळ लाल, आणि हा मेलेला काळा.]

का होतं असं, ते नीट समजून घेऊया, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. हेल्मेटवरून आपल्या डोळ्यात येणारा उजेड दोन प्रकारचा असतो. एक उजेड रंगाच्या थरात आत शिरतो, तिथल्या पिगमेंटला धडकतो आणि लाल होऊन बाहेर येतो. दुसरा आत जातच नाही, वरच्या गुळगुळीत लॅकरवरूनच परत फिरतो. त्याला हेल्मेट लाल आहे का काळं याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो लाईटच्या रंगाचाच राहतो. समोरून बघितलं तर असा साधारण 4 टक्केच उजेड परत येतो, कडेकडेला तिरकस बघितलं की तो वाढत जातो. आता पेंट बदलला तर पहिला उजेड बदलणार, दुसरा जसाच्या तसा राहणार. आणि आपण स्लायडर सरकवतो तेव्हा दोन्ही एकदम ओढतो.

गुजरीत सोन्याचा दागिना बघा, तिथं उलटं आहे. सोन्यासारख्या धातूवर चमक स्वतःच पिवळी असते, त्यामुळं सोन्याचा रंग बदलायचा तर चमकेचा पण बदलावाच लागतो. आज आपण बोलतोय ते पेंट, प्लास्टिक, लॅकर, चिनीमाती असल्या वस्तूंचं.

मग चमक वेगळी काढायची कशी? लाल वस्तूत एक सोय असते. लाल पेंट निळा उजेड जवळजवळ सगळा गिळतो. म्हणजे फोटोच्या निळ्या चॅनलमध्ये पेंट काळाकुट्ट दिसतो, आणि तिथं जे काही उजळ दिसतंय ती चमकच. मी पहिल्यांदा नुसता निळा चॅनल उघडून बघितला तेव्हा खुर्चीतून उठलोच, काळ्या पडद्यावर फक्त सॉफ्टबॉक्सची पट्टी आणि मागच्या खिडकीची चौकट, बास.

[दृश्य: फक्त निळा चॅनल. काळ्यावर चमकेचे पट्टे.]

आकडे बघूया थोडे, जास्त नाही. साध्या पेंटवर आयड्रॉपर ठेवला तर R 190, G 24, B 28. चमकेच्या पट्टीच्या मऊ कडेवर R 217, G 120, B 121. बघताना वाटतं लाल फक्त 27 नी वाढला आणि निळा 93 नी, म्हणजे चमक निळसर असणार. पण तसं नाहीय. स्क्रीनवरचे हे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, 128 म्हणजे अर्धा उजेड नव्हे, फक्त 22 टक्क्यांच्या आसपास. खऱ्या उजेडात मोजलं तर तिन्ही चॅनलमध्ये सारखीच भर पडलीय, साधारण 18 टक्के. पांढऱ्या लाईटची पांढरी चमक. म्हणून हे काम खऱ्या उजेडाच्या हिशोबातच करायचं, फोटोशॉपमध्ये त्यासाठी फाईल 32 बिटमध्ये न्यायची.

आता लेयर. हेल्मेट पेन टूलनं कापून घेतलंय, त्याच्या दोन कॉपी. खालच्या कॉपीवर Channel Mixer, Monochrome ला टिक, लाल +100, हिरवा 0, निळा −100. लालमधून निळा वजा केला की चमक गेली आणि उरली नुसती अंगाची गोलाई, मॅट करड्या हेल्मेटसारखी. ती थोडी अंधारी येते म्हणून एक्सपोजर +1 करायचं, उजेड दुप्पट. तिच्यावर काळ्या पट्टीचा रंग, R 22, G 22, B 24, Multiply मध्ये. सगळ्यात वर दुसरी कॉपी, तिच्यावर तसाच Channel Mixer, पण फक्त निळा +100, पेंटचा स्वतःचा जो एखादा टक्का निळा असतो तेवढा कमी करून, आणि मोड Linear Dodge. म्हणजे उजेडात उजेड मिळवला. पट्टीच्या त्याच कडेवर आता जवळपास 120 येतंय तिन्ही चॅनलला, आणि काळं हेल्मेट जिवंत झालं. काळ्यावर चमक लालपेक्षा जास्त उठून दिसते, आणि दिसायलाच पाहिजे, कारण खालचं अंग गडद झालंय.

शेवटी लेयर मर्ज करून परत 16 बिटला येताना फोटोशॉप HDR Toning ची खिडकी उघडतं, तिथं Exposure and Gamma निवडायचं, 0 आणि 1, नाहीतर सगळी मेहनत तिथंच वाया.

हे फसतं कुठं ते पण सांगतो. फोटो काढतानाच लाल चॅनल 255 ला जाऊन आपटला असेल तर वजाबाकी खोटी येते आणि निळं करताना चमकेच्या भोवती एक काळपट कडं दिसतं. म्हणून कॅमेऱ्यात नुसता पांढरा हिस्टोग्राम बघून चालत नाही, लाल वेगळा बघायचा आणि एक्सपोजर जरा खाली ठेवायचं. आणि मूळ वस्तू पांढरी, करडी किंवा काळी असेल तर ही युक्ती चालतच नाही, तिथं तिन्ही चॅनल सारखेच असतात, वजा करून हातात काही उरत नाही. असल्या वेळी लाईटवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर आडवा फिरवलेला फिल्टर लावून एक फोटो बिनचमकेचा काढायचा, मग लेन्सवरचा फिल्टर नव्वद अंश फिरवून त्याच एक्सपोजरला एक चमकेसकट, आणि दोघांतला फरक ही चमक. ट्रायपॉड तसूभरही हलता कामा नये.

[दृश्य: आठ दिवसांनंतर. दुकानाच्या दारात दादा, हातात नवं कोरं काळं हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाईल.]

माल आला तेव्हा दादांनी फोटो आणि हेल्मेट उजेडात शेजारी धरलं. अंगाचा रंग जुळला, पट्टी जुळली. मग ते म्हणाले, "भावा, हे खाली लाल काय दिसतंय?"

खरंच होतं. पांढऱ्या ॲक्रिलिकवर हेल्मेटच्या बुडाशी गुलाबी सावली, आणि व्हायझरच्या क्रोम पट्टीत लाल हेल्मेटचं बारीक प्रतिबिंब. लाईटची चमक जपायच्या नादात मी हे विसरलो होतो की काही प्रतिबिंबं लाईटची नसतात, वस्तूचीच असतात, आणि ती वस्तूबरोबर बदलावी लागतात. त्या दोन जागांना वेगळा मास्क केला. क्रोममधल्या प्रतिबिंबाला अंगासारखंच दोन थरांत केलं, ॲक्रिलिकवरच्या गुलाबीचं सॅच्युरेशन काढून सावली थोडी गडद केली.

[दृश्य: क्रोम पट्टीवर झूम. लाल रेघ हळूहळू काळी होते, तिच्या मधोमध सॉफ्टबॉक्सचा पांढरा ठिपका तसाच.]