तारपा बघताना नजर कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी! मागे जी खरखर ऐकू येतेय ती साउंडवाल्यांची चाललीय, तिकडे लक्ष देऊ नका. आपण आहोत ठाण्यात, उपवन तलावाच्या काठी. थोड्या वेळात इथे तारप्याचा नाच सुरू होणार आहे. पथक जव्हारकडच्या एका पाड्यावरून आलंय, वारली मंडळी आहेत. आत्ता मागे चहा घेतायत.

निवेदक स्टेजवर येईल, "आता बघूया आपल्या आदिवासी बांधवांचं पारंपरिक नृत्य" म्हणेल, टाळ्या वाजतील आणि नाच सुरू होईल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणसं गोल फिरतायत, मागे काहीतरी घूं घूं वाजतंय, पाच मिनिटं झाली तरी तेच चाललंय. मग हात मोबाइलकडे जातो. म्हणून नाच सुरू व्हायच्या आधीच सांगतो, नक्की बघायचं काय.

तारपा हे वाद्याचं नाव. आणि या नाचात सगळं त्या एका वाद्याच्या हातात असतं. नीट ऐकलंत तर लक्षात येईल, ढोलकी नाही, ताशा नाही, ढोल नाही. आपल्याकडे नाच म्हटला की ठेका धरणारं काहीतरी लागतंच. इथे ठेका पायांचा आणि एका काठीचा. त्या काठीकडे मग येतो.

[कॅमेरा वाद्यावर]

हे बघा. वाजवणाऱ्या काकांची परवानगी घेऊनच दाखवतोय. मी हात लावणार नाही, तेच धरतायत. हा मधला फुगीर भाग म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा. भाजीचाच दुधी, पण वेलीवर पूर्ण जून होऊ दिलेला, आतून पोकळ केलेला. वरच्या बाजूला फुंकायचं भोक. खालून दोन नळ्या निघतात, त्यांना भोकं पाडलेली, बोटं यांच्यावर फिरतात. आणि पुढे हा लांबलचक कर्णा आहे ना, तो ताडाच्या पानांचा, एकावर एक गुंडाळत नेलेला. सगळे सांधे मेणानं बुजवलेत. पूर्ण तारपा चार-पाच फुटांपर्यंत जातो, काही याहूनही लांब असतात.

आवाज येतो तो भोपळ्याच्या आत लपलेल्या जिभांमधून. बांबूला चीर देऊन पातळ पट्टी सोडलेली असते, ती हवेनं थरथरते. म्हणजे ओठ जिभेला लागतच नाहीत, आपण फक्त भोपळ्यात हवा भरत राहायची. सनईवाला जीभ ओठांत धरतो, तसं इथे काही नाही.

आणि "भरत राहायची" हे अगदी शब्दशः घ्या. तारपा वाजायला लागला की मध्ये थांबत नाही. काकांचे गाल बघा. गालांत हवा साठवायची, ती गालांनी आत ढकलत असतानाच नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. सूर तुटता कामा नये, कारण सूर तुटला तर नाचणाऱ्यांच्या पायाखालचं सगळं जातं. शिकणाऱ्या पोराचा सूर नेमका इथेच तुटतो. गावात नाच रात्र-रात्र चालतो, तेव्हा एक दमला की दुसरा वाजवायला उभा राहतो.

आता मेणाचं दुखणं ऐका. दुपारच्या उन्हात वाद्य ठेवलं, किंवा स्टेजच्या दिव्यांखाली बराच वेळ राहिलं, की मेण मऊ पडतं आणि सांध्यातून हवा निसटते. सुराबरोबर बारीक फस्स् असा आवाज यायला लागला की समजायचं, कुठेतरी गळतंय. काकांनी मघाशी तारपा सावलीत नेऊन ठेवला आणि सांध्यांवरून अंगठा फिरवत बसले होते, ते त्यासाठीच. कुणी संयोजक येऊन "काका, जरा लवकर आवरा" म्हणाला. काकांनी मान हलवली आणि अंगठा फिरवत राहिले. बरोबर केलं.

[कॅमेरा परत समोर]

आता नाच. तारपेवाला मध्ये. बाकीची मंडळी, बाया आणि पुरुष, एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि ती साखळी त्याच्याभोवती फिरते. गोल पुरता बंद नसतो. त्याला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याशी असलेल्या माणसाच्या हातात ती काठी, घुंगरं बांधलेली. तो ती जमिनीवर आपटतो, त्याचा खळ्ळ आवाज सगळ्यांना ऐकू जातो. आपला ठेका तो.

खरी गंमत इथे आहे. चाल कुठली वाजवायची आणि कधी बदलायची, हे तारपेवाला ठरवतो. तो तोंडानं काही सांगत नाही, सांगणार कसा, तोंड भोपळ्याला लागलेलं! सूर बदलतो, तो काठीवाला सगळ्यांत आधी ओळखतो, काठीचा ठोका बदलतो, आणि मग तो बदल साखळीतून मागे मागे सरकत शेपटापर्यंत पोचतो. सगळे एकदम बदलत नाहीत. डोक्याकडच्यांची पावलं नवी पडायला लागलेली असतात आणि शेपटाकडचे अजून जुन्या चालीत असतात. मग तेही सावरतात. चाल बदलताना सगळ्यांचे पाय एका क्षणी, एकत्र बदलले, तर मी तरी म्हणेन की हे मोजून बसवलेलं आहे.

त्यामुळे नजर ठेवायची ती काठीवाल्याच्या चेहऱ्यावर. तो प्रेक्षकांकडे बघत नाही, कान तारप्याकडे लावून असतो.

आणि रेकॉर्डिंगवर तारपा नाच केलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, शाळांच्या गॅदरिंगमध्ये होतात. पोरं गोड नाचतात, तक्रार नाही. पण ट्रॅक कधी बदलणार हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणजे ऐकायचं काही उरतच नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पाठ. नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. साखळी आत वळते, गुंडाळत जाते, पुन्हा उलगडते, पण तोंड वाद्याकडेच. तुम्ही हे चित्रांत पाहिलंय. आपल्या ठाण्यात अर्ध्या सोसायट्यांच्या कंपाउंडवर वारली चित्रं आहेत, त्यात गोल गोल गुंडाळलेली माणसांची रांग असते आणि मधोमध एक जण वाकून लांब वाद्य वाजवत असतो. तो हाच नाच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्र घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या दालनांत नेलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. ते चित्र नुसती नक्षी म्हणून बघू नका. साखळीला डोकं कुठे, शेपूट कुठे, तोंडं कुणीकडे, हे सगळं त्यात काढलेलं असतं.

आणि हे सगळं काही "दूर कुठेतरी जंगलातलं" नाही हं. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि इथून वर येऊरला गेलात तर वारली पाडे आजही आहेत.

हा नाच मुळात कधीचा? भाताचा. पाऊस उतरणीला लागला, शेतात भात तयार व्हायला लागलं, की तारपा बाहेर निघतो, आणि दिवाळीपर्यंत संध्याकाळी पाड्यापाड्यांवर वाजतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी, हिरवा देव, वाघोबा, या सगळ्यांचं देणं असतं ते. वाजवण्याआधी वाद्याला नमस्कार होतो, तो आज इथेही होईल. त्या क्षणी कृपया शिट्ट्या मारू नका. आता महोत्सवांमुळे तारपा वर्षभर वाजतो. कुणी नाक मुरडतं त्याला. मला विचाराल तर, पथकाला नीट मानधन मिळत असेल तर वाजू दे की बारा महिने.

स्टेजबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती साध्या हिशोबाची आहे. कमरेला हात घालून उभ्या माणसाला साधारण दीड फूट जागा लागते. वीस माणसं म्हणजे तीस फुटांची साखळी. तिचा गोल केला तर आरपार साडेनऊ-दहा फूट होतात. मध्ये तारपेवाला आणि त्याचं चार-पाच फुटांचं वाद्य आरामात मावतं. आता आयोजक म्हणतात, "स्टेज लहान आहे, दहाच जण आणा." दहा जणांची साखळी पंधरा फुटांची, गोल जेमतेम पावणेपाच फुटांचा. त्यात तारपाच मावत नाही, माणूस कुठून मावणार! मग काय होतं, गोल उघडून अर्धगोल करायचा, तोंडं प्रेक्षकांकडे आणि तारपेवाला कोपऱ्यात माइकपाशी. म्हणजे ज्याला पाठ दाखवायची नाही, त्यालाच सगळे पाठ करून उभे. वर एकसारख्या पिवळ्या साड्या. फोटो छान येतात.

आज तसं होणार नाही. पथकातल्या एका मावशींनीच आल्या आल्या सांगून टाकलं, "आमी खालीच नाचू, वर नको." म्हणून स्टेजसमोरची ही मोकळी जागा रिकामी ठेवलीय. माइकही कर्ण्याच्या तोंडात कोंबलेला नाही. तसा कोंबला की नुसता भोंगा ऐकू येतो आणि पावलं, काठी, सगळं गडप होतं. तो थोडा लांब ठेवलाय, आणि एक खाली जमिनीजवळ आहे, काठीसाठी.

पहिली चाल संथ असेल. स्टेजच्या सात-आठ मिनिटांच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी कापली जाते ती हीच, कारण "पब्लिक बोअर होतं". पण साखळी जुळते ती याच चालीत. शेजाऱ्याचं पाऊल किती लांब पडतं, काठी किती जड आहे, ते सगळ्यांच्या अंगात इथे उतरतं. ती थेट ओलांडून जलद चाल लावली की साखळी मध्येच ताणली जाते आणि हात सुटतात. हात सुटलेले दिसले तर समजा, घाई झाली.

बरं, शेवटी ते लोकांना नाचायला बोलावतील, नेहमी बोलावतात. जायचं तर चपला काढून जा आणि शेपटाला जोडून घ्या, मध्येच हात सोडवून घुसू नका. काठीवाला आणि तारपेवाला यांच्या मधून तर अजिबात जायचं नाही, सेल्फीसाठीसुद्धा नाही. पावलं चुकली तरी चालतात, शेजारच्या मावशी कमरेला धरून ओढून नेतातच.

आले बघा काका. चला, कॅमेरा खाली घेतोय, काठीच्या बाजूला या.