हिरवं होईना, म्हणून थंड केलं

(दोन फ्लास्क, वरून यूव्ही दिवा)

हे दोन फ्लास्क बघा. दोन्हीत तोच ई. कोलाय बॅक्टेरिया, त्यात टाकलेलं डीएनएचं तेच छोटं कडं म्हणजे प्लाझ्मिड, समुद्रातल्या जेलीफिशचा तोच जीएफपीचा, म्हणजे यूव्हीखाली हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन, तरी एक हिरवागार आणि दुसरा नुसता गढूळ.

काल दुपारी दोन्ही ३७ डिग्रीला वाढत होते. ओडी, म्हणजे द्रवाच्या गढूळपणाचं माप, ०.६ झालं, बॅक्टेरिया ऐन जोमात आले, आणि मग आयपीटीजी टाकलं. लॅक रिप्रेसर म्हणून एक प्रोटीन जीनवर कुलूपासारखं बसलेलं असतं, आयपीटीजी त्याला बाजूला करतं, बस एवढंच त्याचं काम. गढूळवाल्यात १ मिलीमोलर टाकलं आणि ३७ वरच ठेवला. हिरव्यात ०.१, आणि शेकर १८ डिग्रीवर आणून रात्रभर.

(जेल)

आता गंमत ही की प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या या जेलवर २७ किलोडाल्टनच्या आसपास दोन्हीकडे जाड पट्टा आहे, प्रोटीन बनलंय दोघांतही! फक्त जेल बघून खूश झालात तर फसलात. पेशी बर्फावर सोनिकेटरने फोडल्या, सेंट्रिफ्यूज केलं, आणि वरचं पाणी नि खालचा गाळ जेलवर वेगवेगळा चालवला, तेव्हा कळलं. ३७ वाल्याचा पट्टा जवळजवळ सगळा गाळात.

(गाळ, क्लोजअप)

हाच तो गाळ, खडूसारखा पांढरट. इन्क्लुजन बॉडी. उकळत्या पाण्यात रवा एकदम ओतला की उपम्याच्या गुठळ्या होतात ना, तसंच. प्रोटीनच्या साखळ्या इतक्या भराभर बनतात की नीट घडी पडायच्या आधीच त्यांचे तेलकट भाग एकमेकांना चिकटतात, आणि घडी नाही तर जीएफपीचा रंगही नाही. थंडीत काम हळू चालतं, घडी पडायला वेळ मिळतो.

(कॉलम, यूव्ही)

हे आमचं सगळ्यात आवडतं दृश्य. निळसर मणी म्हणजे निकेल. प्रोटीनच्या टोकाला आपण सहा हिस्टिडीन जोडलेत, ते निकेलला धरतात, म्हणून हिरवा पट्टा वरच अडकलाय नि बाकीची गर्दी खाली वाहून जातेय. २० मिलीमोलर इमिडॅझोलने धुतलं, सैल चिकटलेले गेले. मग २५०. इमिडॅझोल म्हणजे हिस्टिडीनचंच कडं, ते निकेलवरची जागा बळकावतं आणि प्रोटीन सुटतं. बघा, पट्टा सरकतोय... पहिला थेंब.

बफरमध्ये डीटीटी हे रिड्यूसिंग रसायन मात्र टाकू नका, मणी तपकिरी होतात, आमचे एकदा झालेत.

गाळातलंही वाचवता येतं, ८ मोलर युरियात विरघळवून, युरिया हळूहळू काढून, पण त्यात बरंच वाया जातं आणि काही प्रोटीनं परत घडीवर येतच नाहीत. ते आम्ही शूट केलं नाही.

(ट्यूब, अंधारात)

हा कॉलममधून उतरलेला दुसरा मिलीलिटर. तिसऱ्यात रंग फिका पडला, तिथे थांबलो.