चित्रातला माणूस बसतोय की बसलाय?

संयोजकांनी पत्रिकेत विषय अगदी ऐसपैस छापलाय: इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत चित्राचं वर्णन, त्यातला अपूर्ण वर्तमानकाळ, स्थानदर्शक शब्द आणि सावध अंदाज. मला यातल्या पहिल्याच गोष्टीवर बोलायचंय. बाकीच्या दोन वेळ उरला तर. आणि वेळ उरत नाही, हे माझी व्याख्यानं ऐकलेल्यांना माहीत आहे. (हशा)

परीक्षेचं स्वरूप तुम्हाला ठाऊकच आहे. केंब्रिजची बी-वन प्रिलिमिनरी घ्या. तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक रंगीत फोटो देतात आणि साधारण १ मिनिट बोलायला सांगतात. एवढ्या वेळात शांतपणे बोललं तर दहाएक वाक्यं होतात. त्यातली पहिली दोन मुलं कशी घालवतात? ‘धिस इज अ व्हेरी ब्यूटिफुल अँड कलरफुल पिक्चर.’ एका शिकवणीवर्गाने हे वाक्य घोटून घेतलं होतं. सराव परीक्षेत मी एका मुलीला फोटो दिला. दंतवैद्याच्या खुर्चीत एक गृहस्थ, तोंड वासलेलं, डोळे घट्ट मिटलेले. तिने फोटो पाहिला, घसा साफ केला आणि म्हणाली, ब्यूटिफुल अँड कलरफुल! (हशा) हसू नका, तिचा काय दोष? ते वाक्य कुठल्याही फोटोला चालतं, म्हणूनच ते कुठल्याच फोटोबद्दल काही सांगत नाही. आणि परीक्षकाला ते पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं, कारण पहिलं वाक्य सुसाट येतं आणि दुसऱ्याला गाडी अडते.

ती अडते कुठे, तेच आज सांगायचंय. पडद्यावरचा फोटो बघा. प्रवाशांच्या प्रतीक्षागृहाची खोली. डावीकडे एक माणूस सूटकेसवर बसलाय. त्याने करडा कोट घातलाय, हातात कागदी कप धरलाय. मधल्या खुर्च्यांवर एक मुलगी आडवी झोपलीय. मागे काचेपाशी एक बाई फोन कानाला लावून उभी आहे. उजव्या कोपऱ्यात भिंतीला एक छत्री टेकलीय आणि तिच्याखाली पाण्याचं थारोळं आहे.

आता मी काय काय म्हणालो ते ऐका. बसलाय, घातलाय, धरलाय, झोपलीय, टेकलीय. एकदाही ‘बसतोय’ म्हणालो नाही. बसतोय म्हटलं तर तो अजून खाली टेकायचाय, गुडघे वाकतायत. आपल्याला शाळेत कोष्टक शिकवलं: ‘तो आहे’ म्हणजे आयएनजी, ‘ला आहे’ म्हणजे हॅज. मग हुशार मुलगा ते कोष्टक इमानाने लावतो आणि म्हणतो, ‘ही हॅज सॅट ऑन अ सूटकेस. ही हॅज वोर्न अ कोट.’ व्याकरणाच्या पुस्तकात ही वाक्यं सापडतील, पण फोटो बघणारा इंग्रज असं म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘ही इज सिटिंग ऑन अ सूटकेस. ही इज वेअरिंग अ ग्रे कोट. ही इज होल्डिंग अ पेपर कप.’ कारण इंग्रजी इथे शरीराने धरून ठेवलेली स्थिती चालू क्रियेसारखी मोजते. बसणं, उभं राहणं, आडवं होणं, रेलणं, अंगावर असणं, हातात असणं: मराठीत ‘लाय’ आलं तरी इंग्रजीत आयएनजी. छत्रीलासुद्धा हेच लागू, ‘द अंब्रेला इज लीनिंग अगेन्स्ट द वॉल’.

कपड्यांत एक उपखड्डा आहे. कोणी सावधपणे ‘ही इज पुटिंग ऑन अ कोट’ म्हणतो. मग एक हात बाहीत, दुसरा हवेत, असा फोटो हवा.

पण ‘लाय’ दिसलं की डोळे मिटून आयएनजी, असंही नाही. ‘खिडकी उघडलीय’ हे ‘द विंडो इज ओपन’. ‘इज ओपनिंग’ म्हणालात तर ती आपोआप उघडतेय, भुताटकी झाली. ‘गाडी लावलीय’ हे ‘इज पार्क्ड’. इथे कोणी काही धरून ठेवलेलं नाही, झालेल्या गोष्टीचा फक्त परिणाम उरलाय. आणि एकदा आयएनजीची चटक लागली की ‘ही इज हॅविंग अ बिअर्ड’ येतं. दाढी असणं ही क्रिया नव्हे, म्हणून ‘ही हॅज अ बिअर्ड’. ‘ही इज हॅविंग कॉफी’ मात्र चालतं, कारण तिथे तो पितोय.

(संयोजकांची चिठ्ठी) आठ मिनिटं राहिली म्हणतात. चहा उकळलाय, असंही खाली लिहिलंय. बरं, मग स्थान आणि अंदाज आता पळत पळत.

स्थानाचं पहिलं: ‘इन द पिक्चर’ म्हणा. ‘ऑन द पिक्चर’ म्हटलं की फोटोच्या कागदावर डाग पडलाय असं वाटतं. दुसरं म्हणजे डावं कोणाचं? ‘ऑन द लेफ्ट’ म्हणजे बघणाऱ्याचं डावं. आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, तेव्हा ‘इन हिज लेफ्ट हँड’ म्हणताना जरा थांबा. तिसरं, आपलं ‘समोर’. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना तोंडासमोर तोंड करून बसले असतील तर ‘ऑपोझिट’, रांगेत एक पुढे असेल तर ‘इन फ्रंट ऑफ’. आणि आधी पुढचं, मग मागचं, असा एक क्रम धरा. उड्या मारल्यात की ऐकणारा हरवतो.

आता अंदाज. मराठीत आपण ‘तो थकला असेल’ म्हणतो, म्हणून मुलं ‘ही विल बी टायर्ड’ म्हणतात. परीक्षकाला ते पुढे थकेल असं ऐकू येतं. ‘ही माइट बी टायर्ड’ म्हणा. ‘ही कॅन बी अ टीचर’ही नको, ‘कुड बी’ हवं. खात्री असेल तर ‘मस्ट बी’, पण त्याचा नकार ‘मस्ट नॉट बी’ होत नाही, ‘कान्ट बी’ होतो.

आणि प्रत्येक अंदाजाला फोटोतला पुरावा जोडा. छत्रीखाली पाणी आहे, म्हणून ‘इट मस्ट बी रेनिंग आउटसाइड’. इथेही आयएनजी आलं बघा. मुलगी भर उजेडात खुर्च्यांवर झोपलीय, म्हणून ‘दे माइट हॅव बीन वेटिंग फॉर अ लाँग टाइम’. बाई त्यांच्यासोबत आहे का? ती पाठमोरी आहे, चेहरा दिसत नाही. तर ‘शी कुड बी द गर्ल्स मदर, बट आय कान्ट सी हर फेस’. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. कमी माहिती असूनही त्यात दोन गोष्टी नीट बोलून झाल्या.

हो, मागून प्रश्न आला, अंदाज चुकला तर गुण जातात का? नाही. ती आई आहे की मावशी, हे परीक्षक तपासत नाही. तुम्ही ‘शी इज हर मदर’ असं ठासून सांगितलंत तरी तो भांडणार नाही, फक्त ‘कुड’ आणि ‘मस्ट’ वापरायची संधी तुम्ही घालवलीत. चला, चहाला.