चवथीचा बोनस आणि मार्चचा नफा

नमस्कार श्रोतेहो. म्हापशातलं एक कपड्यांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. 31 मार्चला तेरीज जुळली, नफा निघाला 6 लाख. मालकाला वाटतं, याच आकड्यावर कर. पण अजून तीन नोंदी व्हायच्या आहेत.

पहिली विम्याची. 1 जानेवारीला दुकानाचा वर्षभराचा विमा उतरवला, 24,000 रुपये भरले आणि ते सगळे खर्चात धरले. यातले जानेवारी ते मार्चचे 6,000 तेवढे या वर्षाचे. उरलेले 18,000 आगाऊ दिलेले. म्हणून आगाऊ विमा खातं नावे आणि विमा खर्च जमा. नफा 18,000 नी वाढला, म्हणजे करही वाढला. ही नोंद टाळायचा मोह होतो तो इथंच.

दुसरी विजेची. मार्चचं 9,000 चं बिल एप्रिलात येतं, पण वीज मार्चात जळली. वीज खर्च नावे, देणे खर्च जमा. नवं वर्ष उघडताना ही नोंद उलटी फिरवायची. नाहीतर एप्रिलात बिल भरलं की तोच खर्च दुसऱ्यांदा लागतो. वीज खात्यात वर्षाला तेरा बिलं दिसली, तर हेच घडलंय असं समजा.

तिसरी बोनसची, आणि खरी गंमत तिच्यात आहे. सरलेल्या वर्षाचा 40,000 चा बोनस मार्चअखेर देणे म्हणून दाखवला. आता पुस्तकी नफा 5,69,000. पण आपल्याकडे बोनस हातात पडतो चवथीला, म्हणजे ऑगस्टात किंवा सप्टेंबरात. आयकर कायदा म्हणतो, बोनस विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष दिला असेल, तरच तो या वर्षाचा खर्च. जुन्या कायद्यात हे कलम 43 बी. नव्यात क्रमांक बदलला, नियम तोच. मुदत चवथीआधी संपली, तर ते 40,000 नफ्यात परत मिळवायचे. करासाठीचा नफा होतो 6,09,000. विजेच्या बिलाला ही अट नाही. ते एप्रिलात भरा की जूनमध्ये, खर्च मार्चचाच. कामगार कायदा मात्र बोनस द्यायला वर्षअखेरीपासून 8 महिने देतो. म्हणजे चवथीला बोनस देणारा मालक तिथं बिनचूक, आणि इथं त्याची वजावट लांबते.

लांबते, बुडत नाही. पैसे दिले त्या वर्षी ती मिळते. अडचण अशी, की त्या वर्षीच्या पुस्तकात हा खर्च दिसतच नाही. तो आदल्या मार्चातच लिहिलेला, चवथीला फक्त देणं फिटतं. म्हणून विवरणपत्र करताना गेल्या वर्षीचा कर-हिशोबाचा कागद काढून, तिथं नफ्यात मिळवलेले 40,000 यंदा हातानं वजा करावे लागतात. हिशोबनीस बदलला असेल, तर तो कागद आधी त्याच्या हाती द्या.