चार रननी हरलो, ते नेमकं कुठे?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय क्लबच्या बातमीपत्रातल्या मॅच रिपोर्टबद्दल, तोही हरलेल्या मॅचच्या, आणि त्यातही अगदी थोडक्यात हरलेल्या. जिंकल्यावर काय, कोणीही लिहितो.

थोडक्यात हरलं की सगळ्यांच्या डोक्यात शेवटची ओव्हरच राहते. 2019 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवा, न्यूझीलंडकडून आपण 18 रननी हरलो, आणि आजही कोणाला विचारा, धोनीचा रनआऊट म्हणेल. पण रोहित, राहुल आणि कोहली तिघंही एकेक रन करून गेले होते, 5 वर 3 आऊट, आणि नंतर जडेजाने 59 बॉलमध्ये 77 मारले, धोनीबरोबर 116 ची पार्टनरशिप केली, म्हणून तर तो रनआऊट एवढा लागला ना! रनआऊट खराच, पण मॅच आधीच हातातून अर्धी सुटली होती.

क्लबच्या रिपोर्टमध्ये हेच शोधायचं असतं, आणि ते सापडतं स्कोअरबुकात. एक मॅच मनाने रचून बघू. 20 ओव्हरची मॅच, समोरच्यांनी 7 बाद 142 केले, आपले 8 बाद 138, म्हणजे हार 4 रननी. शेवटच्या ओव्हरला 14 हवे होते, शेवटच्या बॉलला 6, निघाला 1. आता लिहिणारा इथेच सुरू करतो आणि इथेच संपवतो, बिचारा शेवटचा बॉल खेळलेला बॅट्समन पूर्ण बातमीपत्रात व्हिलन होऊन बसतो.

जरा मागची पानं बघा की. 10 ओव्हरनंतर आपण 2 बाद 75, म्हणजे 60 बॉलमध्ये 68 हवेत, आरामात चाललंय. मग 11 ते 15 या पाच ओव्हरमध्ये आले फक्त 22, दोन विकेट गेल्या, एकही चौकार नाही आणि 30 पैकी 14 डॉट बॉल. 15 ओव्हरला 4 बाद 97, आता 30 बॉलमध्ये 46. मॅच फिरली ती इथे, आणि तेव्हा मैदानावर कोणाला फारसं कळलंही नसेल कारण काही घडतच नव्हतं, नुसते बॉल जात होते.

म्हणून रिपोर्टमध्ये दोन आकडे ठळक ठेवा, 22 रन आणि 14 डॉट बॉल, बाकीचे खाली छोट्या स्कोअरकार्डात जाऊ द्या. पॅरात दहा आकडे कोंबले तर वाचणारा सरळ पुढच्या पानावर जातो. आणि आकड्याच्या शेजारी माणूस हवा, म्हणजे त्यांच्या स्पिनरने बॉल हळू टाकला, आपला सेट झालेला बॅट्समन स्वीप मारायला गेला आणि पॅडवर घेत राहिला, असं काहीतरी. हे स्कोअरबुकात नसतं, त्याच दिवशी खेळणाऱ्यांना विचारून घ्यायचं, आठवड्याने प्रत्येकाची मॅच वेगळी झालेली असते!

आपल्या बोलिंगकडेही बघा हं. आपण 11 वाईड टाकले असतील तर 11 रन तर गेलेच, वर 11 जादा बॉल टाकावे लागले, म्हणजे जवळजवळ दोन ओव्हर. हरलो 4 ने. हे एक वाक्य लिहिलं की पुरे, त्यावर भाष्य नको, बोलरला कळतं.

सुटलेल्या कॅचचं मात्र जपून. समोरचा 12 वर असताना कॅच सुटला आणि तो 58 करून गेला, की लगेच लिहितात कॅच 46 रनला पडला. असं होत नाही हो, तो आऊट झाला असता तर दुसरा आला असता, त्यानेही काही केले असते. कॅच सुटला एवढं लिहा, कोणाच्या हातून ते सगळ्या क्लबला माहीतच असतं.

आणि पाठवायच्या आधी बेरीज जुळवा. बॅट्समनचे रन अधिक एक्स्ट्रा बरोबर टीमचा स्कोअर यायलाच हवा. बोलरच्या बाजूने वाईड आणि नोबॉल त्यांच्या खात्यात धरायचे, बाय आणि लेगबाय नाही, ते वेगळे मिळवायचे. फरक आला तर बहुतेक वेळा गडबड याच बायमध्ये असते.

सुरुवात कशी करायची? निकाल पहिल्याच वाक्यात, लपवाछपवी नको. मी असं लिहीन: "142 चा पाठलाग करताना आपली टीम 4 रननी कमी पडली. दहा ओव्हरपर्यंत मॅच आपली होती, पुढच्या पाच ओव्हरमध्ये फक्त 22 रन निघाले आणि शेवटच्या जोडीवर सहा बॉलमध्ये 14 रन काढायची वेळ आली."