तीच जागा, पुन्हा जाहिरात

एखाद्या कंपनीची तीच नोकरीची जाहिरात तिसऱ्यांदा दिसली की आपण लगेच म्हणतो, ‘तिथे माणसं टिकत नाहीत.’ असेलही तसं. पण कदाचित त्यांना अजून माणूसच मिळालेला नसेल, किंवा तशा जागाच वाढत असतील. यातलं नेमकं काय, हे जाहिराती मोजून कळत नाही. एक जाहिरात बंद होऊन दुसरी यायला किती काळ गेला, ते बघावं लागतं.

त्यासाठी नोंद कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावरून घ्या. जॉब पोर्टलवर एकच जागा तीन-चार एजन्सी टाकतात, शिवाय तारीख ताजी होत राहते. ‘दोन दिवसांपूर्वी’ असं लिहिलेली जाहिरात चार महिने जुनी असू शकते. कंपनीच्या पानावर बहुधा जागेचा क्रमांक असतो, एचआरवाले त्याला रिक्विझिशन नंबर म्हणतात. पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, पुष्कळदा `datePosted` ही तारीखही सापडते, पण तीही बदलता येते, म्हणून मी क्रमांकावर जास्त विसंबतो. आठवड्यातून एकदा बघायचं आणि क्रमांक, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, गायब झाल्याची तारीख लिहायची. मजकूर मात्र अख्खा उतरवून घ्या. कंपनीने जाहिरात एकदा काढून टाकली की तो पुन्हा हाती लागेलच असं नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ‘सीनियर सपोर्ट इंजिनियर’ची जाहिरात जानेवारीत आली, क्रमांक `R-1042`. फेब्रुवारीअखेर ती गेली, म्हणजे बहुधा कुणाला तरी ऑफर दिली. त्या माणसाचा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा धरला तर तो मेच्या सुरुवातीला रुजू होणार. आता तीच जाहिरात नव्या क्रमांकाने मेमध्येच परत आली, तर माणूस सोडून गेला असं म्हणायची घाई नको. ऑफर घेऊन तो आलाच नसण्याची शक्यता जास्त. नोटीस पीरियडमध्ये त्याला दुसरीकडे बरं मिळालं असेल. यातून पगाराबद्दल कळतं, तिथल्या वातावरणाबद्दल फारसं नाही.

पण तीच जाहिरात सप्टेंबरच्या मध्यावर `R-1187` म्हणून आली, मजकूर शब्दशः तोच आणि जागा एकच, तर गोष्ट वेगळी. रुजू होऊन साडेचार महिनेही झाले नाहीत तोवर खुर्ची रिकामी, किंवा रिकामी होणार हे ठरलेलं. पुढच्या वर्षीही हाच क्रम दिसला, तर त्या खुर्चीचीच काहीतरी अडचण आहे असं मी धरतो: रात्रपाळी, वरिष्ठ, किंवा जाहिरातीत न लिहिलेलं काम. एकदा घडलं तर तो योगायोगही असतो, आणि कधी माणूस बढती मिळून आतच वर गेलेला असतो. व्यावसायिक प्रोफाइलवर त्या हुद्द्याची माणसं आज कुठे आहेत, हे पाहिलं की बढती आणि राजीनामा बऱ्यापैकी वेगळे करता येतात.

याउलट `R-1042` हाच क्रमांक जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत उघडा राहिला, तर माणूस मिळत नाहीये. इथे मजकूर बघा. अनुभव ‘५ ते ८ वर्षं’ होता तो ‘३ ते ६’ झाला, आधी नसलेला पगाराचा आकडा आला, ‘लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’ ही ओळ वाढली, तर घाई खरी आहे. अटी सैल करायला कुणीतरी वरून मंजुरी दिलीय. आणि आठ महिन्यांत एक अक्षरही बदललं नसेल, तर ती जागा भरायची कुणाला निकड नाही. काही कंपन्या नुसते बायोडेटा गोळा करायला अशी जाहिरात कायम ठेवतात. माझ्या मते उमेदवारांचा सगळ्यात जास्त वेळ याच जाहिराती खातात.

वाढणारी टीम ओळखणं त्यामानाने सोपं. आधी मॅनेजरची जाहिरात येते, ती बंद झाल्यावर दोनेक महिन्यांत त्याच विभागात वेगवेगळ्या हुद्द्यांच्या जागा एकदम उघडतात. टीम फुटल्यावरही जागा एकदम उघडतात, पण तेव्हा बहुधा जुनेच मजकूर परत येतात आणि मॅनेजरची जागाही त्यांच्यातच असते.

या सगळ्यातून गळतीची टक्केवारी मात्र काढू नका. वर्षात तीन जाहिराती हे सहा जणांच्या टीमसाठी फार आणि दोनशे जणांच्या विभागासाठी काहीच नाही, आणि टीमचा आकडा आपल्याला बाहेरून दिसत नाही. तो मुलाखतीत विचारा. जागा नवी आहे की कुणाच्या बदली, आधीची व्यक्ती किती काळ होती, हेही विचारा. ‘नवी जागा’ असं उत्तर आलं आणि तुमच्या वहीत तोच मजकूर दोनदा असला, तर पुढचा प्रश्न त्या वरिष्ठाच्या हाताखाली सध्या कोण किती वर्षं टिकून आहे, हा.